डेकवर साहेबांचा अभिप्राय मागणारा ईमेल: प्रश्न कसे ठरवायचे, मेल कसा लिहायचा

«मॅडम, डेक जोडला आहे. कृपया बघून फीडबॅक द्यावा.»

चाकणच्या एका कारखान्यात माझ्यासोबत काम करणाऱ्या एका तरुण सहकारिणीने सोमवारी हा मेल पाठवला. मंगळवारी उत्तर आलं, «छान झालाय. फॉन्ट जरा मोठा करा.» तिने फॉन्ट मोठा केला. शुक्रवारी बैठकीत प्लांट हेडनी सहाव्या स्लाइडवर थांबवून विचारलं, «हे सहा दिवस कुठून आणले?» तिच्याकडे उत्तर नव्हतं. मॅडमकडे होतं, पण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रस्ताव पुढच्या महिन्यावर गेला.

त्यानंतर असे कित्येक मेल मी पाहिले आहेत, पाठवणाऱ्याच्या बाजूने आणि उत्तर देणाऱ्याच्याही. जवळजवळ सगळ्यांत एकच चूक असते. मेल सर्वांत शेवटी, पाच मिनिटांत लिहिला जातो, आणि साहेबांनी नेमकं काय ठरवून द्यायचं आहे हे पाठवणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. म्हणून खालचा क्रम प्रश्नांपासून सुरू होतो. फाइल त्यानंतर येते आणि मेल सर्वांत शेवटी.

उदाहरण त्याच डेकचं घेतो. प्रस्ताव साधा होता. ग्राहकाकडे माल पाठवायला पुठ्ठ्याची खोकी वापरत होतो, त्याऐवजी परत येणारे प्लॅस्टिकचे क्रेट घ्यायचे. डेक 14 स्लाइडचा, बैठक शुक्रवारी दुपारी 4 वाजता, समोर प्लांट हेड आणि फायनान्स हेड. आकडे मी इथे समजायला सोपे जातील असे घेतले आहेत.

## टप्पा 1: मेल उघडण्याआधी प्रश्न ठरवा

डेक स्क्रीनवर ठेवा, वही जवळ घ्या आणि पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत एकदा जा. जिथे स्वतःलाच खात्री वाटत नाही तिथे स्लाइडचा नंबर आणि अडचण एका ओळीत लिहा. या वेळी काहीही दुरुस्त करू नका. दुरुस्तीत अडकलात की यादी अर्धी राहते.

14 स्लाइडच्या डेकवर अशी आठ-दहा टिपणं सहज होतात. आता प्रत्येकासमोर एक प्रश्न ठेवा: याचं उत्तर कुणाकडे आहे?

काही उत्तरं तुम्हाला स्वतःलाच शोधता येतात. पुठ्ठ्याच्या खोक्याचा सध्याचा दर 38 रुपये आहे की 40, हे परचेस ऑर्डर उघडली की कळतं. काही उत्तरं शेजारच्या टेबलावर मिळतात. परतीच्या गाडीचं भाडं डिस्पॅचवाला फोनवर सांगेल. हे दोन्ही गठ्ठे बाजूला काढा आणि मेल लिहायच्या आधी निकालात काढा. साहेबांना दर विचारलात तर ते दर सांगतील, त्यात त्यांची दहा मिनिटं जातील आणि खरा प्रश्न तसाच राहील.

शेवटी जे उरतं ते साहेबांचं. बहुतेक वेळा ते तीन प्रकारचं असतं. आकड्यामागचं गृहीतक, ज्याबद्दल त्यांना बाहेरची माहिती आहे. समोरच्या मंडळींची सवय, जी त्यांनी दहा बैठकांत पाहिली आहे. आणि दुसऱ्या खात्याशी संबंध असलेली गोष्ट, जी मांडायची की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे.

क्रेटच्या डेकमध्ये हे तिन्ही होते. पहिला जरा सविस्तर बघू, कारण प्रश्न धारदार कसा करायचा ते त्यात नीट दिसतं.

क्रेट किती विकत घ्यायचे हे फेऱ्यावर ठरतं. भरलेला क्रेट आपल्या गेटमधून निघाला, ग्राहकाकडे रिकामा झाला आणि परत आपल्या पॅकिंगच्या टेबलावर आला, याला जितके दिवस लागतात तो फेरा. रोज 200 क्रेट लागतात. फेरा 6 दिवसांचा धरला तर 1,200 क्रेट सतत फिरते राहतात. तुटणारे आणि हरवणारे म्हणून 10 टक्के वर, म्हणजे 1,320. एक क्रेट 650 रुपयांचा, तर गुंतवणूक 8,58,000 रुपये.

आता बचत. पुठ्ठ्याची 200 खोकी रोज, 38 रुपयांनी, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,97,600 रुपये. एका क्रेटमध्ये एका खोक्याइतकाच माल बसतो असं धरलं आहे. त्यातून परतीचं भाडं 45,000 आणि क्रेट धुण्याचे 12,000 वजा केले की महिन्याला 1,40,600 रुपये उरतात. गुंतवणूक साधारण 6 महिन्यांत वसूल होते.

पण फेरा 9 दिवसांचा निघाला तर 1,980 क्रेट लागतात आणि गुंतवणूक 12,87,000 रुपयांवर जाते. वसुलीला 9 महिन्यांहून थोडा जास्त काळ लागतो. बचतीचा आकडा तोच, दरही तेच, फक्त एका गृहीतकाने मंजुरीची रक्कम सव्वाचार लाखांनी वाढली. ग्राहकाच्या गेटवरून रिकामे क्रेट किती वेळा सुटतात हे मॅडमना माहीत होतं, कारण ग्राहकाच्या स्टोअर्सशी त्यांचंच बोलणं व्हायचं.

आता हाच मुद्दा दोन तऱ्हेने विचारून बघा.

«स्लाइड 6 वरचे आकडे बरोबर वाटतात का?» यावर मॅडम «वाटतात» म्हणतील. सगळी बेरीज तपासायला त्यांना वेळ नाही, आणि बेरीज बरोबरच आहे.

«स्लाइड 6 वर फेरा 6 दिवसांचा धरू की 9? 9 धरला तर रक्कम 8.58 लाखांवरून 12.87 लाखांवर जाते. माझा कल 9 कडे आहे, कारण रिकामे क्रेट आठवड्यातून दोनदाच सुटतात असं आपला ड्रायव्हर सांगतो.» याला «हो, 9 ठेव» किंवा «नाही, मी बोलून घेते, 6 होतील» असं उत्तर येईल. दोन्हीपैकी कोणतंही आलं तरी पुढे काय करायचं ते तुम्हाला कळतं.

दुसऱ्या प्रश्नात चार गोष्टी आहेत: स्लाइडचा नंबर, समोरचे पर्याय, पर्यायाने काय बदलतं, आणि तुमचा कल कारणासकट. यातला कल लोक सर्वांत जास्त गाळतात. साहेबांसमोर आधीच मत मांडणं उद्धटपणा वाटतो म्हणून असेल. मला ते उलट वाटतं. कल लिहिला की साहेबांना कोऱ्या पाटीवर विचार करावा लागत नाही, तुमच्या कारणात खोट आहे का एवढंच बघावं लागतं. मोबाइलवर, दोन बैठकांच्या मध्ये, तेवढंच जमतं.

प्रश्न तीनच ठेवा. पाच विचारले तर पहिल्या दोघांची नीट उत्तरं येतात आणि बाकीच्यांवर «ओके» येतं. तीनपेक्षा जास्त उरत असतील तर ज्याच्या उत्तराने सर्वांत जास्त स्लाइड बदलतील तो आधी घ्या. उरलेले समोरासमोर दोन मिनिटांत विचारता येतात.

तपासा: प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःसाठी लिहा, «उत्तर अ आलं तर मी हे बदलेन, ब आलं तर ते.» दोन्ही उत्तरांनंतर डेक तसाच राहणार असेल तर तो प्रश्न काढून टाका.

## टप्पा 2: डेक वाचण्याजोगा करा

बैठकीत तुम्ही शेजारी उभे असता आणि बोलून सांगता. साहेब डेक वाचतील तेव्हा तुम्ही नसाल. म्हणून पाठवण्याआधी एवढी कामं करा.

स्लाइडला नंबर घाला. पॉवरपॉइंटमध्ये `Insert` मध्ये `Slide Number` आहे, त्यावर खूण करून `Apply to All`. नंबर नसले की «तो निळा तक्ता आहे ना, त्याच्या आधीची» असं बोलणं सुरू होतं.

ज्या स्लाइडबद्दल विचारताय त्यावर गृहीतक स्लाइडवरच लिहा. स्लाइड 6 वर तक्त्याखाली एक ओळ पुरे: «फेरा 9 दिवस, रोज 200 क्रेट, 10 टक्के जादा.» ही ओळ नसेल तर मेल आणि स्लाइड यांच्यात उड्या मारत वाचावं लागतं.

अपुऱ्या स्लाइडवर ठळक अक्षरात «अपूर्ण» लिहा. आमच्या उदाहरणात 12 ते 14 या जोडपत्रांच्या स्लाइड अर्धवट होत्या. तसं लिहिलं नसतं तर अभिप्रायातला निम्मा वेळ तिथेच गेला असता.

यापुढची गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. एक्सेलमधला आलेख डेकमध्ये चिकटवताना `Embed Workbook` असा पर्याय निवडला, तर फक्त आलेख येत नाही. त्याच्या मागची सगळी वर्कबुक डेकच्या आत जाऊन बसते. आलेखावर राइट क्लिक करून `Edit Data` केलं की बाकीच्या शीटही उघडता येतात. त्या वर्कबुकमध्ये तीन पुरवठादारांचे दर शेजारी शेजारी असतील तर ते डेकबरोबर गेले. साहेबांना ते दर माहीत असतात, पण साहेब तोच डेक पुढे कुणाला पाठवतील हे तुमच्या हातात नसतं. म्हणून आलेख चिकटवताना पेस्टच्या पर्यायांतून `Picture` निवडा. आलेख आधीच आत गेला असेल तर कॉपी करून चित्र म्हणून परत चिकटवा आणि जुना काढून टाका.

सावधान: स्लाइडखालच्या नोट्समध्ये आपण स्वतःसाठी काहीबाही लिहून ठेवतो, «इथे फायनान्सवाले अडवतील» असलं काही. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये `File`, `Info`, `Check for Issues`, `Inspect Document` या वाटेने गेलात की नोट्स, जुन्या कॉमेंट आणि लपवलेला मजकूर आहे का ते कळतं. मूळ फाइलची एक प्रत आधी बाजूला ठेवा, कारण तिथून काढलेलं परत आणता येईलच असं नाही.

## टप्पा 3: फाइल की लिंक, ते ठरवा

यात फार विचार नको. साहेब मोबाइलवर वाचणार असतील तर पीडीएफ जोडा. डेकमध्ये मराठी मजकूर असेल तर पीडीएफला पर्याय नाहीच म्हणा, कारण तुमच्याकडचा देवनागरी फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की ओळी सरकतात आणि तक्त्यातला मजकूर चौकटीबाहेर जातो. पीडीएफ करताना `Options` मध्ये `Include hidden slides` वर खूण आहे का तेवढं बघा. लपवलेल्या स्लाइड तिथून निसटून जातात.

साहेबांना स्लाइडवरच शेरे लिहायची सवय असेल तर लिंक द्या. गूगल स्लाइड्समध्ये त्यांना `Commenter` हा हक्क द्या. `Viewer` दिलात तर शेरा लिहिता येत नाही, आणि `Editor` दिलात तर चुकून एखादी चौकट सरकते. मग लिंक तुमच्या खात्यातून बाहेर पडून, खाजगी विंडोमध्ये उघडून बघा. संपूर्ण मेल उत्तम लिहायचा आणि साहेबांना «परवानगी मागा» असं पान दिसायचं, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आधी तेच तपासतो. लिंक फक्त त्यांच्या नावाने दिली असेल तर तुमच्या खाजगी विंडोतही ती उघडणार नाही. अशा वेळी शेअरच्या यादीत त्यांचा कंपनीचा पत्ता आहे, घरचा नाही, एवढं पाहून घ्या.

लिंक दिल्यानंतर प्रत गोठवा. `File`, `Version history`, `Name current version` असं जाऊन नाव द्या: `Draft 3 - Sent for review`. त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या फाइलमध्ये स्लाइड वाढवू किंवा काढू नका. मधे एक स्लाइड घातलीत की मेलमधली «स्लाइड 6» सातवी होते, आणि साहेब भलत्याच तक्त्यावर मत देतात. काम थांबवायचं नसेल तर वेगळी प्रत करून तिच्यात करा.

फाइलच्या नावात मसुद्याचा क्रमांक असू द्या, `Crate_Proposal_Draft3.pdf` असा. `Final` हा शब्द मसुद्याच्या नावात कधीही नको. नाव बघून साहेब समजतात की आता फक्त शुद्धलेखन बघायचं आहे.

## टप्पा 4: मेल या क्रमाने लिहा

आता मेल. तुमच्या ऑफिसात तो इंग्रजीत जात असेल तर इंग्रजीत लिहा, क्रम हाच.

विषयाची ओळ. तीन गोष्टी असाव्यात: कोणता डेक, काय हवंय, कधीपर्यंत. «डेक फॉर रिव्ह्यू» ही ओळ आठवड्याने शोधली तर तशाच वीस ओळींत हरवते.

पहिला परिच्छेद. बैठक कोणती, समोर कोण, कधी, आणि डेकमधून काय मागायचं आहे. साहेबांना हे सगळं माहीत आहे असं तुम्हाला वाटतं, पण त्यांच्यासमोर त्या दिवशी आणखी चार विषय असतात. शेवटच्या वाक्यात किती वेळ लागेल ते लिहा आणि तो खरा लिहा. तीन प्रश्न आणि तीन स्लाइड असतील तर 15 मिनिटं ठीक. «दोन मिनिटं» लिहून अर्धा तास घेतलात तर पुढच्या वेळी मेल उघडायलाच उशीर होतो.

प्रश्न. क्रमांक घालून, प्रत्येक वेगळ्या परिच्छेदात. क्रमांक असले की उत्तरही «1. हो, 2. उलट कर, 3. भेटून बोलू» असं येतं. परिच्छेदात सलग विचारलेल्या प्रश्नांतला मधला प्रश्न हमखास निसटतो.

काय बघायचं नाही. ही ओळ लिहायला लोक कचरतात, पण तिच्यावर फार काही अवलंबून असतं. रंग, फॉन्ट, शुद्धलेखन नजरेला पटकन खटकतं, म्हणून माणूस आधी त्यावरच बोलतो. ते तुम्ही नंतर करणार आहात असं आधीच सांगितलं की नजर आकड्याकडे जाते.

मुदत आणि तिचं कारण. «लवकरात लवकर» म्हणजे मुदत नाही. वार आणि वेळ लिहा, आणि त्यानंतर काय व्हायचं आहे तेही. बैठक शुक्रवारी असली तरी उत्तर बुधवारी दुपारी 1 पर्यंत हवं, कारण गुरुवारी फायनान्सचा माणूस आकडे तपासणार आहे. कारण दिसलं की मुदत दटावल्यासारखी वाटत नाही.

उत्तर आलं नाही तर. हे जपून लिहा. जे तुमच्या अखत्यारीत आहे तेवढ्यापुरतंच «तोपर्यंत काही कळलं नाही तर 9 दिवस धरून पुढे जाते» असं म्हणता येतं. जास्त सावध आकडा धरून पुढे जाण्यात कुणाचं नुकसान नाही. पण दुसऱ्या खात्याची तक्रार पडद्यावर दाखवायची की नाही, हे साहेबांच्या मौनावर ठरवायचं नाही. तिथे उलटं लिहा: «तुमच्या होकाराशिवाय ही स्लाइड ठेवणार नाही.»

## टप्पा 5: पूर्ण मेल

त्याच डेकसाठी मेल असा जायला हवा होता.

> विषय: क्रेट प्रस्तावाचा डेक (मसुदा 3): तीन प्रश्न, बुधवार दुपारी 1 पर्यंत
>
> मॅडम, नमस्कार.
>
> शुक्रवारी दुपारी 4 वाजता प्लांट हेड आणि फायनान्स हेड यांच्यासमोर पुठ्ठ्याच्या खोक्यांऐवजी परतीचे क्रेट वापरण्याचा प्रस्ताव मांडायचा आहे. मसुदा पीडीएफमध्ये जोडला आहे. मंजुरीची रक्कम पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरेल. स्लाइड 2, 6 आणि 11 एवढ्याच बघायच्या आहेत, साधारण 15 मिनिटं लागतील.
>
> 1. स्लाइड 6, क्रेटचा फेरा 6 दिवस की 9? 6 धरला तर 1,320 क्रेट, 8.58 लाख रुपये, वसुली साधारण 6 महिन्यांत. 9 धरला तर 1,980 क्रेट, 12.87 लाख रुपये, वसुली साधारण 9 महिन्यांत. मसुद्यात 9 धरला आहे, कारण ग्राहकाकडून रिकामे क्रेट आठवड्यातून दोनदाच सुटतात असं आपल्या ड्रायव्हरने सांगितलं. तुमचं त्यांच्या स्टोअर्सशी बोलणं असतं, तर 9 ठेवू का?
>
> 2. स्लाइड 2, रक्कम सुरुवातीलाच सांगू का? सध्या दुसऱ्या स्लाइडवर मंजुरीची रक्कम आहे आणि अडचण तिसरीपासून सुरू होते. माझा कल हाच क्रम ठेवण्याकडे आहे, म्हणजे फायनान्स हेड आकडा शोधत बसणार नाहीत. पण प्लांट हेडना आधी जमिनीवरची अडचण ऐकायची असते असं वाटलं तर 2 आणि 3 ची अदलाबदल करते.
>
> 3. स्लाइड 11, गंजाच्या तक्रारीचे फोटो दाखवायचे का? जुलैमध्ये ओल्या खोक्यांमुळे गंज धरलेल्या मालाचे दोन फोटो आहेत. मुद्दा त्याने पक्का होतो, पण तक्रार क्वालिटीकडे नोंदलेली आहे आणि त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. मी आधी त्यांच्याशी बोलू, की तुम्ही बोलाल, की स्लाइड काढू?
>
> रंग, अक्षरांचा आकार आणि शुद्धलेखन गुरुवारी करणार आहे. स्लाइड 12 ते 14 अपूर्ण आहेत, त्या बघू नका.
>
> बुधवारी दुपारी 1 पर्यंत उत्तर मिळालं तर गुरुवारी सकाळी फायनान्सकडून आकडे तपासून घेता येतील. वेळ कमी असेल तर फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या. काही कळलं नाही तर 9 दिवस आणि सध्याचाच क्रम ठेवून पुढे जाते. स्लाइड 11 मात्र तुमच्या होकाराशिवाय ठेवणार नाही.
>
> फोनवर सांगणं सोयीचं असेल तर मंगळवारी 3 नंतर केव्हाही फोन करते.
>
> धन्यवाद.

दुसऱ्या प्रश्नाकडे नीट बघा. त्यात «क्रम बरोबर आहे का» असं विचारलेलं नाही. कोणासाठी कोणता क्रम, हे विचारलं आहे. तिसऱ्यात साहेबांना तीन वाटा दिल्या आहेत आणि कल मुद्दामच लिहिलेला नाही, कारण तो निर्णय पाठवणारीचा नाहीच. कल लिहायचा हा नियम जिथे मोडायचा ती जागा ही.

## टप्पा 6: पाठवण्यापूर्वी

मेल स्वतःलाच पाठवा आणि मोबाइलवर उघडा. पीडीएफ उघडते का, स्लाइड 6 वरचा तक्ता मोठा न करता वाचता येतो का, मेलमधल्या «स्लाइड 6» वर खरोखर तोच तक्ता आहे का, हे बघा. शेवटच्या क्षणी एखादी स्लाइड सरकवलेली असते आणि नंबर बदललेले असतात.

आकडे मेलमध्ये आणि स्लाइडवर एकच आहेत ना? मेलमध्ये 12.87 आणि स्लाइडवर 12.9 असं असलं तरी वाचणारा अडखळतो आणि बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास डळमळतो.

सीसीमध्ये कुणालाही घालू नका, निदान या मेलवर तरी. तिसरा प्रश्न क्वालिटीबद्दल आहे. क्वालिटीचा माणूस सीसीमध्ये असेल तर मॅडम मोकळेपणाने उत्तर देणार नाहीत. टीमने हे पाहायला हवं असं वाटलं तर उत्तर आल्यावर वेगळं कळवा.

वेळेबद्दल एकच सांगतो. शुक्रवारच्या बैठकीसाठी हा मेल सोमवारी सकाळी जायला हवा. गुरुवारी रात्री पाठवलात तर उत्तर काहीही आलं तरी ते डेकमध्ये उतरवायला वेळ उरत नाही, आणि हे साहेबांनाही दिसतं. मग ते «छान झालाय» लिहून मोकळे होतात.

## टप्पा 7: उत्तर आल्यावर, आणि न आल्यावरही

उत्तर आलं नाही तर मंगळवारी संध्याकाळी एकदा आठवण करा, त्याच मेलला उत्तर म्हणून. पूर्ण मेल पुन्हा लिहू नका. «मॅडम, फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी चालेल: फेरा 6 की 9?» एवढंच. ही ओळ मेल न उघडताही वाचता येते आणि एका आकड्यात उत्तर देता येतं.

उत्तर «चांगला आहे, जाऊ दे» असं मोघम आलं तर ते होकार समजू नका. नम्रपणे एकच ओळ लिहा: «मग फेरा 9 दिवसांचा धरते आणि स्लाइड 11 काढते, बरोबर ना?» आता त्यांना «हो» किंवा «थांब» म्हणावंच लागतं.

तुम्हाला न पटणारं उत्तर आलं, समजा मॅडमनी «6 ठेव» म्हटलं, तर मेलवर वाद घालू नका. कारण विचारा, तेही तोंडी. कदाचित ग्राहकाने रोज क्रेट सोडायचं मान्य केलेलं असेल आणि ते तुमच्यापर्यंत आलेलं नसेल. तसं असेल तर तेच वाक्य स्लाइड 6 वर गृहीतकाच्या ओळीत घाला: «ग्राहकाकडून रिकामे क्रेट रोज परत, म्हणून फेरा 6 दिवस.» प्लांट हेडनी «हे सहा दिवस कुठून आणले?» विचारलं तर उत्तर स्लाइडवरच असेल. ग्राहकाने मान्य केलेलं नसेल, आणि 6 केवळ आकडा लहान दिसावा म्हणून असेल, तर 9 चा आकडा जोडपत्रात तयार ठेवू का, असं विचारा. बहुतेक साहेब याला नाही म्हणत नाहीत.

शेरे उतरवून झाले की त्याच मेलवर तीन ओळींचं उत्तर द्या, प्रश्नांच्याच क्रमांकाने:

> 1. फेरा 9 दिवस ठेवला, गृहीतक स्लाइडवर लिहिलं.
> 2. स्लाइड 2 आणि 3 ची अदलाबदल केली.
> 3. क्वालिटीशी तुमचं बोलणं झाल्यावर फोटो ठेवले, «क्वालिटीच्या नोंदीतून» असं खाली लिहिलं.
>
> मसुदा 4 जोडला आहे. तो पुन्हा वाचायची गरज नाही.

शेवटचं वाक्य नक्की लिहा. ते नसेल तर मॅडमना वाटतं की 14 स्लाइड पुन्हा बघायच्या आहेत. मेल बाजूला पडतो, आणि काही उत्तर येत नाही म्हणून तुम्ही अडकून बसता.